पंखे वाढवायचे की धूर जागेवरच ओढायचा: छोट्या वर्कशॉपमधल्या वेल्डिंगच्या धुराबद्दल

प्रश्न: आमचं वर्कशॉप ९ बाय ६ मीटर, उंची ४ मीटर. दोघं जण ठरलेल्या टेबलांवर रॉडने वेल्डिंग करतात. बहुतेक एमएस, आठवड्यातून एखादा दिवस एसएस. भिंतीत वरच्या बाजूला १८ इंची एक्झॉस्ट फॅन आहे, तरी दुपारपर्यंत छताखाली धुरकं साचतं. तसेच आणखी दोन फॅन बसवू, की धूर ओढणारे आर्म घेऊ? फॅनवर भागत असेल तर उगाच खर्च नको.

उत्तर:

तुमच्या कामासाठी आर्म घ्या, दोन टेबलांना दोन. मी गेली बरीच वर्षं कारखान्यांमधलं वायुवीजन मोजण्याचं आणि दुरुस्त करण्याचं काम करतो. या प्रश्नात फॅनची बाजू कागदावर बरी दिसते, म्हणून कारण नीट सांगतो. ते कळलं नाही तर आर्म घेऊनही धूर आहे तिथेच राहतो, आणि तसं झालेलं मी अनेकदा पाहिलंय.

तुम्हाला छताखालचं धुरकं दिसतंय, पण वेल्डरच्या फुप्फुसात जाणारा बहुतेक धूर ते धुरकं होण्याच्या आधीच आत गेलेला असतो. आर्कमधून निघालेला गरम धूर खांबासारखा सरळ वर चढतो. वेल्डर जॉबवर वाकलेला असतो आणि त्याचं तोंड आर्कपासून हात-दीड हात अंतरावर, नेमकं त्या खांबाच्या वाटेवर असतं. तिथल्या धुराचं प्रमाण खोलीच्या सरासरीच्या दसपट, कधी त्याहूनही जास्त निघतं. म्हणजे वर्कशॉपमध्ये दोन वेगवेगळ्या हवा आहेत: एक खोलीची आणि एक हेल्मेटच्या आतली. भिंतीवरचा फॅन पहिलीवर काम करतो. आर्म दुसरीवर काम करतो, आणि पहिलीवरचं ओझंही कमी करतो.

आता फॅनचा हिशेब करू. नेहमीच्या रुटाइल रॉडमधून किलोमागे साधारण २० ग्रॅम धूर निघतो. हा धूर मुख्यतः रॉडच्याच धातूचा आणि त्याच्या लेपाचा असतो, जॉबच्या पत्र्याचा वाटा थोडाच. ३.१५ मिलिमीटरचा रॉड सलग जाळत राहिलं तर तासाला साधारण सव्वा किलो जळतो, म्हणजे मिनिटाला ४०० मिलिग्रॅमच्या आसपास धूर. पण कोणी सलग जाळत नाही. जॉब लावणं, स्लॅग झाडणं, रॉड बदलणं यात वेळ जातो. आर्क ३० टक्के वेळ चालू धरला तर एका माणसामागे मिनिटाला १२० मिलिग्रॅम आणि दोघांचे २४०.

ध्येय धरू १ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. नेदरलँड्समध्ये वेल्डिंगच्या धुराची मर्यादा हीच आहे, आणि हिशेबालाही सोपी. मिनिटाला २४० मिलिग्रॅम धूर त्या पातळीवर ठेवायचा तर मिनिटाला २४० घनमीटर ताजी हवा लागेल, म्हणजे तासाला १४,४००. तुमची खोली २१६ घनमीटरची आहे, तेव्हा तिची हवा तासात ६७ वेळा बदलायला हवी. १८ इंची एक फॅन मोकळ्या हवेत ताशी साधारण ४,५०० घनमीटर फेकतो. तीन फॅन म्हणजे १३,५००. ध्येयाच्या अगदी जवळ! इथेच माणूस फसतो.

हा हिशेब असं गृहीत धरतो की धूर निघाल्या क्षणी खोलीभर सारखा मिसळतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. दारातून आलेली हवा जवळच्या वाटेने फॅनकडे निघून जाते आणि कोपऱ्यातलं टेबल तसंच राहतं. म्हणून आम्ही अशा ठिकाणी हवेचा आकडा तिपटीपर्यंत वाढवून धरतो. तिप्पट म्हणजे तुमच्या खोलीत तासाला ४३,००० घनमीटरच्या वर. तेवढ्या वाऱ्यात कामच करता येणार नाही. शिवाय फॅनवर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. दारं-खिडक्या लावलेल्या असतील आणि आत येणाऱ्या हवेला वाट नसेल, तर भिंतीतला फॅन त्यातली बरीच हवा देऊच शकत नाही. आणि हे सगळं जमवलंत तरी मिळतं काय, तर खोलीच्या हवेची सरासरी. हेल्मेटमधला खांब तसाच.

त्यातही १ मिलिग्रॅम हे सगळीकडे पुरेसं नाही. एमएसच्या धुरात मँगनीज असतं. धुरात ते ५ टक्के धरलं तर १ मिलिग्रॅम धुरात ०.०५ मिलिग्रॅम झालं. अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेने फुप्फुसात खोल जाणाऱ्या मँगनीजसाठी २०१३ पासून ०.०२ मिलिग्रॅम प्रति घनमीटरची मर्यादा सुचवली आहे, म्हणजे तुम्ही तिच्या अडीचपट झालात. एसएसच्या रॉडचा धूर आणखी वाईट, कारण रॉडच्या लेपातल्या सोडियम-पोटॅशियममुळे क्रोमियमचा काही भाग षट्संयोजी रूपात बाहेर पडतो. तो धुराच्या ३ टक्के धरला तर १ मिलिग्रॅममागे ३० मायक्रोग्रॅम होतात. अमेरिकेतली कायदेशीर मर्यादा ५ मायक्रोग्रॅमची आहे. ते केवळ पंख्यांनी साधायचं तर वरचे सगळे आकडे आणखी सहापट करावे लागतील. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगचा धूर कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकला. त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या एचएसई या कामाच्या ठिकाणची सुरक्षितता पाहणाऱ्या सरकारी संस्थेने स्पष्ट सांगितलं की साध्या एमएसच्या धुरासाठीही खोलीचं सर्वसाधारण वायुवीजन पुरेसं नियंत्रण देत नाही. वरचा हिशेब पाहिला की ते का म्हटलं असेल ते कळतं.

आता आर्म. इथे सगळा खेळ अंतराचा आहे. आर्मच्या टोकाला धूर ओढणारं हुड असतं, त्याच्या तोंडापासून थोडं दूर गेलं की ओढ झपाट्याने पडते. तोंडाभोवती पसरट कडा, म्हणजे फ्लेंज, असलेल्या हुडसाठी आम्ही हे सूत्र वापरतो:

```
Q = 0.75 × V × (10 X² + A)
```

Q म्हणजे लागणारी हवा, V म्हणजे आर्कपाशी हवा असलेला ओढीचा वेग, X म्हणजे हुडपासून आर्कपर्यंतचं अंतर आणि A म्हणजे हुडच्या तोंडाचं क्षेत्रफळ, सगळं मीटर आणि सेकंदात. वेल्डिंगचा धूर उचलायला आर्कपाशी सेकंदाला अर्धा मीटर तरी ओढ हवी. हुडचं तोंड ३० सेंटिमीटर व्यासाचं आणि अंतर २५ सेंटिमीटर धरलं तर उत्तर येतं सेकंदाला ०.२६ घनमीटर, म्हणजे तासाला साधारण ९५० घनमीटर. बाजारातल्या १६० मिलिमीटरच्या आर्मला हा प्रवाह झेपतो आणि डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला १३ मीटरच्या आसपास राहतो. धूर डक्टमध्ये साचू नये म्हणून १० ते १२ मीटर तरी लागतोच, तेव्हा सगळं जुळून येतं. तुमची दोन टेबलं मिळून १,९०० घनमीटर. पंख्यांच्या १४,४०० शी तुलना करा. शिवाय ही हवा धूर तोंडापर्यंत पोचण्याआधीच त्याला घेऊन जाते.

आता तोच ब्लोअर, तीच हवा, फक्त हुड २५ ऐवजी ५० सेंटिमीटरवर न्या. आर्कपाशी ओढ ०.५ वरून ०.१३ मीटरवर येते. अंतर दुप्पट झालं तर ओढ जवळपास चौथाई झाली, आणि एवढ्या ओढीत धूर सरळ वर निघून जातो, हुडकडे वळतही नाही. उलट जास्त जवळ नेणंही बरं नाही. १० सेंटिमीटरवर ओढ कागदावर २ मीटरपर्यंत जाते. रॉडला त्याने फारसं बिघडत नाही, पण मिगमध्ये गॅसचं आवरण उडतं आणि वेल्डमध्ये बारीक भोकं पडतात. भोकं पडायला लागली की वेल्डर हुड लांब ढकलतो आणि मग ते तिथेच राहतं. म्हणून मी २० ते ३० सेंटिमीटर सांगतो. हुड डोक्यावर छत्रीसारखं धरू नका, धूर तिथे जाताना तोंडावरूनच जाईल. ते आर्कच्या पलीकडे, वेल्डरच्या समोरच्या बाजूला, जॉबपासून थोडं वर आणि तिरकं ठेवा. मग धूर चेहऱ्यापासून दूर जाणारी वाट धरतो.

घेताना एक गोष्ट नक्की तपासा. भिंतीत लावतात तो पात्यांचा फॅन डक्टला जोडू नका. मोकळ्या हवेत तो भरपूर हवा देतो, पण डक्ट, आर्मचे सांधे, वाकणं आणि फिल्टर यांचा दाब ओलांडायची ताकद त्यात नसते, त्यामुळे प्रवाह जवळपास बसतो. आर्मला सेंट्रिफ्यूगल ब्लोअरच हवा. आणि तो थ्री-फेजवर असेल तर फिरण्याची दिशा बघा. वायरिंगमध्ये दोन फेज अदलाबदल झाल्या तर तो उलटा फिरतो. गंमत अशी की उलटा फिरूनही तो ओढतोच, फक्त फार कमी. आवाज येतो, हुडला कागद चिकटतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. केसिंगवरच्या बाणाशी चाक ताडून पाहायला एक मिनिट पुरतं.

एका वर्कशॉपमध्ये मला बोलावलं होतं ते, आर्म बसवूनही वेल्डर खोकतात, या तक्रारीवरून. तीन टेबलांवर तीन आर्म, ब्लोअर बरोबर आकाराचा. पहिल्या टेबलावर मोजलं तर आर्कपाशी ओढ जेमतेम ०.१ मीटर. ब्लोअर उलटा फिरत होता, मोटर दुरुस्त होऊन आल्यावर जोडणी बदलली होती. ती सुलट केली, तरी दुसऱ्या टेबलावर फारसा फरक नाही. तिथला आर्म सांध्यात सैल झाला होता, लावला की खाली घसरायचा. वेल्डर बिचारा दर दोन मिनिटांनी तो उचलून कंटाळला आणि शेवटी आर्म पार वर, ६० सेंटिमीटरवर ठेवून काम करू लागला. सांधे आवळले. आणि हुडच्या कडेला २५ सेंटिमीटर लांबीची बारीक साखळी लटकवली, जॉब लावताना तिचं टोक वेल्डच्या रेघेला टेकवायचं, मग बाजूला अडकवून ठेवायची. मोजपट्टी काढायची गरजच उरली नाही. तिसऱ्या टेबलावर आर्म ठीक होता, ओढ ठीक होती, तरी धूर वेल्डरच्या तोंडाकडेच जात होता. त्याच्या पाठीमागे उकाड्यासाठी स्टँडवरचा पंखा होता.

हा पाठीमागचा पंखा फार ठिकाणी असतो, म्हणून जरा थांबून सांगतो. पाठीवर वारा येतो तेव्हा अंगाच्या पुढच्या बाजूला, छाती आणि चेहऱ्याच्या समोर, हवेचा भोवरा तयार होतो. तो धुराला पुढे नेण्याऐवजी चेहऱ्याकडे ओढून आणतो. आणि आर्कपाशी आडवा वारा सेकंदाला ०.३ मीटरच्या वर गेला की हुडची अर्ध्या मीटरची ओढ त्याच्याशी झुंजू लागते आणि बहुतेक वेळा हरते. त्या टेबलावर पंख्याचा वारा मी ०.४ मोजला. पंखा काढून तो बाजूला, वेल्डरच्या खांद्यावर वारा येईल पण टेबलावर येणार नाही असा लावला, तेव्हाच तिसरा आर्म खरा कामाला लागला.

तुमच्या भिंतीतल्या फॅनचा प्रश्नही इथेच येतो. तो काढून टाकू नका. आर्म सगळा धूर पकडत नाही. जॉबचा आडोसा असतो, रेघ लांब असते, कधी हुड हलवायचं राहून जातं. सुटलेला धूर आणि कोपऱ्यात साचणारा ओझोन, कार्बन मोनॉक्साइड यांसाठी खोलीची हवा बदलायलाच हवी. पण आता फॅनचं काम हलकं झालेलं असतं: १०० टक्के धुराऐवजी सुटलेला थोडाच धूर त्याला न्यायचा आहे, आणि त्यासाठी तुमचा एक फॅन पुरतो. त्याला हवा मिळेल अशी वाट मात्र ठेवा. ब्लोअरचे १,९०० आणि फॅनचे ४,५०० मिळून ताशी ६,४०० घनमीटर हवा आत यायला लागेल. आत येणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला मीटरभर ठेवायचा म्हटलं तर दार-खिडक्या मिळून पावणेदोन चौरस मीटर उघडं हवं. ते उघडं फॅनच्या समोरच्या भिंतीला असावं, शेजारी नको, आणि त्या वाऱ्याच्या थेट झोतात वेल्डिंगचं टेबल नको. दार उघडताना बाहेरून जोर लागतोय, किंवा आपोआप आत ओढलं जाऊन धाडकन लागतंय, असं दिसलं की समजा खोलीला श्वास मिळत नाही. अशा वेळी फॅन आणि आर्म दोन्ही अर्धवट चालतात, आणि ब्लोअर बंद असेल तर त्याच्या डक्टमधून बाहेरची हवा उलटी आत येते.

माझं उत्तर काही गोष्टींवर अवलंबून आहे, तेही सांगायला हवं. काम ठरलेल्या टेबलांवरचं आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून आर्म. मोठ्या चौकटी, टाक्या, सांगाडे यांवर काम असेल तर हुड दर ३०-४० सेंटिमीटरला हलवावं लागतं. तितकं हलवणारा वेल्डर मी अजून पाहिला नाही. मिग असेल तर बंदुकीवरच ओढ असलेला टॉर्च तिथे जास्त कामाचा, आणि रॉड असेल तर पंख्याने फिल्टरमधून गाळलेली हवा आत सोडणारं हेल्मेट. स्वच्छ एमएसवर टिगचं थोडंसं काम, उंच आणि प्रशस्त जागा, दिवसात तासभर आर्क, अशा ठिकाणी खोलीचं वायुवीजन पुरतं असं मी बिनधास्त सांगेन, कारण टिगमध्ये धूर मुळातच फार कमी. गॅल्व्हनाइज्ड पत्रा असेल तर जस्त, रंग असेल तर रंगातलं जे काही असेल ते, हे आधी ग्राइंड करून काढणं कुठल्याही फॅनपेक्षा स्वस्त. आणि क्लोरीन असलेल्या द्रावकाने पुसलेला जॉब तो पूर्ण सुकल्याशिवाय वेल्डिंगला घेऊ नका. त्याच्या वाफेतून आर्कच्या किरणांमुळे फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो.

बाहेर सोडायचा की फिल्टर करून आतच सोडायचा, हा पुढचा प्रश्न येईल. शक्य असेल तर बाहेरच, छताच्या वर, सरळ वरच्या दिशेला आणि हवा आत येते त्या खिडकीपासून लांब. फिल्टरचं युनिट कण पकडतं, वायू पकडत नाही, आणि एसएसच्या दिवशी ते परत आत सोडणं मला मान्य नाही.

बसवल्यावर स्वतः तपासा. खोली जरा अंधारी करा. आर्क तुमच्या नजरेआड राहील असा पत्रा आडवा लावा. मग प्रखर टॉर्च धुराच्या पलीकडून तुमच्या दिशेने रोखा, आणि टॉर्चचं तोंड एखाद्या पुठ्ठ्याने इतकंच झाका की थेट उजेड डोळ्यांत येणार नाही. एरवी न दिसणारे बारीक कण त्या झोतात लख्ख चमकतात आणि धूर हुडकडे वळतोय की हेल्मेटच्या कडेने वर जातोय ते स्पष्ट दिसतं. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घ्या आणि वेल्डरलाच दाखवा. हुड जवळ घे असं दहा वेळा सांगण्यापेक्षा तो व्हिडिओ जास्त पटतो. आठवडाभराने हेल्मेटच्या आतली बाजू पांढऱ्या कापडाने पुसून पाहा. आधीसारखंच काळं निघत असेल तर ओढ कुठेतरी कमी पडतेय. अनेमोमीटर मिळाला तर आर्कच्या जागी, आर्क न लावता, वेग मोजून भिंतीवर तारखेसह लिहून ठेवा. दोन महिन्यांनी तो ०.५ वरून ०.३ वर आला की फिल्टर चोंदलाय किंवा लवचीक डक्ट कुठेतरी चेपलाय हे लगेच कळेल.

आकडा पक्का हवा असेल, विशेषतः एसएससाठी, तर कोणाकडून तरी वेल्डरच्या कॉलरला फिल्टरची डबी लावून दिवसभराचा नमुना घ्या. डबी हेल्मेटच्या आत असली पाहिजे, बाहेर लावलेली डबी फसवते. आणि आर्म येईपर्यंत एसएसचं काम करायचंच असेल तर हेल्मेटखाली बसणारा पी३ फिल्टरचा अर्धा मास्क घाला, दाढी काढून, म्हणजे तो चेहऱ्याला घट्ट बसेल, आणि त्या दिवशी दुसऱ्या वेल्डरचं टेबल हवा येते त्या बाजूला ठेवा.